स्पीड १५० एमबीपीएस, तरी गेम का अडकतो? मोबाईल डेटावरचा पिंग, जिटर आणि पॅकेट लॉस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मोबाईल डेटावर बीजीएमआय किंवा तत्सम गेम खेळणाऱ्यांचे आहेत. घरच्या ब्रॉडबँडचा विषय इथे घेतलेला नाही. तिथली दुखणी वेगळी असतात.

स्पीड टेस्टमध्ये १५० एमबीपीएस येतात. मग गेमला कमी काय पडतं?

स्पीड तर नक्कीच कमी पडत नाही. असा गेम तासाभरात साधारण ५० ते १०० एमबी डेटा खातो. १०० एमबी धरले तरी हिशेब सेकंदाला पाव मेगाबिटच्या आतच येतो. तुमच्याकडे त्याच्या सहाशेपट आहे.

गेमला हवी असते वेळेवर पोच. फोन सेकंदाला २० ते ६० वेळा अगदी छोटी पाकिटं पाठवतो: मी इथे आहे, इकडे वळलो, गोळी झाडली. सर्व्हरही तशीच छोटी पाकिटं परत धाडत राहतो. त्यातलं प्रत्येक पाकीट वेळेत पोचलं पाहिजे. स्पीड टेस्टचं काम याच्या उलट चालतं. ती एकाच वेळी बरीच कनेक्शन उघडते, दहा-पंधरा सेकंद लाईन तुडुंब भरते आणि एकूण किती डेटा आला ते सांगते. त्यातली काही पाकिटं अर्धा सेकंद कुठेतरी ताटकळली असतील, पण त्या मोठ्या आकड्यात ते दिसत नाही.

यूट्यूब मात्र त्याच नेटवर मजेत चालतं, कारण ते पुढचा व्हिडिओ आधीच उतरवून ठेवतं. मध्ये दोन सेकंद नेट गेलं तरी तुम्हाला कळतसुद्धा नाही. गेमला अशी साठवण करता येत नाही. समोरच्या खेळाडूने पुढची हालचाल अजून केलेलीच नसते, मग ती आधी उतरवणार कशी?

पिंगचा आकडा नेमकं काय सांगतो?

तुमच्या फोनमधून निघालेलं पाकीट सर्व्हरला जाऊन उत्तर घेऊन परत यायला लागलेला वेळ, मिलिसेकंदांत. म्हणजे जाण्याचा आणि येण्याचा मिळून. हे मोजणारा ping नावाचा प्रोग्राम अमेरिकेतल्या माईक म्यूस यांनी १९८३ साली लिहिला. पाणबुड्यांच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्यांनी ते नाव दिलं.

या वेळेतला एक भाग अंतराचा असतो आणि तो कोणालाच टाळता येत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद लागणारच. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर आहे, त्यामुळे तिथल्या सर्व्हरवर ४० च्या खाली पिंग येऊच शकत नाही. केबल सरळ जात नाही आणि वाटेत उपकरणंही असतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा साठच्या आसपास किंवा वर जातो. सातारा ते मुंबई मात्र अडीचशे किलोमीटर, म्हणजे दोन-तीन मिलिसेकंदांचा मामला.

समुद्राखालच्या केबलचा फटका एरवी जाणवत नाही, पण युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांना कधीकधी बसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली होती. अशा दिवशी फोनमध्ये काहीही केलं तरी उपयोग नसतो.

सर्व्हर मुंबईत आहे आणि मी साताऱ्यात. मग पिंग पाच न येता पंचेचाळीस का?

यातला बराच वेळ फोन आणि टॉवर यांच्यामधल्या किलोमीटर-दोन किलोमीटरात जातो. हवेतून जाण्याला वेळ लागत नाही. वेळ लागतो परवानगी मिळायला.

४जीमध्ये फोनला वाटेल तेव्हा बोलता येत नाही. एका टॉवरवर शेकडो फोन असतात. सगळे एकदम बोलले तर कोणाचंच ऐकू येणार नाही. म्हणून फोन आधी टॉवरला विनंती पाठवतो की माझ्याकडे पाठवायला काही आहे. ही विनंती करण्याची त्याची पाळीसुद्धा ठरलेली असते. नेटवर्कच्या सेटिंगप्रमाणे ती दर ५, १०, २० किंवा त्याहून जास्त मिलिसेकंदांनी येते. मग टॉवर त्याला वेळ नेमून देतो, फोन त्या वेळी पाकीट पाठवतो. पाकीट नीट पोचलं नाही तर ते पुन्हा पाठवलं जातं आणि त्या प्रत्येक खेपेला आणखी सुमारे ८ मिलिसेकंद जातात. टॉवरपासून पुढे डेटा कंपनीच्या गेटवेकडे जातो. तो गेटवे कधी मुंबईत असतो, कधी दुसऱ्याच शहरात. इंटरनेटवरचा प्रवास त्याच्या पुढे सुरू होतो.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे २३०० मेगाहर्ट्झच्या ४जी बँडवर आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या ५जी बँडवर डाउनलोड आणि अपलोड एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतात. त्यातला मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो, कारण लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी. स्पीड टेस्टचा आकडा त्यामुळेच घसघशीत येतो. तुमची गोळी मात्र अपलोडमधून जाते.

पिंग ४५ असतो, पण मधेच ३००-४०० वर उडी मारतो. हा काय प्रकार?

या चढउताराला जिटर म्हणतात. खेळताना सरासरी पिंगपेक्षा तोच जास्त छळतो. माझ्या मते कायम ८० वर राहणारा पिंग ४० आणि ३०० मध्ये हिंदकळणाऱ्या पिंगपेक्षा कितीतरी बरा.

गेम थोडा उशीर गृहीत धरून चालतो. शत्रूची शेवटची दोन ठिकाणं माहीत असली की मधली चाल तो स्वतः काढून दाखवतो, म्हणून पात्रं सलग पळताना दिसतात. उशीर ठराविक असेल तर हे जमतं. पाकीट अचानक ३०० मिलिसेकंद उशिरा आलं की गेमच्या हातातली माहिती संपते. मग तो शत्रूला जुन्याच दिशेने पळवत राहतो. खरी माहिती आली की शत्रू एकदम दुसरीकडे उगवतो. तुमच्याच बाबतीत हे झालं, तर तुम्ही भिंतीआड पोचलेले असता आणि सर्व्हर तुम्हाला मागे ओढून उघड्यावर उभं करतो. 'मी तर आत शिरलो होतो!' ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. फक्त सर्व्हरला ते कळलेलं नसतं.

उड्या येतात त्या मुख्यतः तीन कारणांनी: कुठेतरी रांग लागली, सिग्नल कमकुवत झाला किंवा फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर गेला, किंवा दुसऱ्या सिमने मध्येच तोंड घातलं. त्यात रांगेचं कारण सर्वात जास्त आढळतं आणि त्यावर आपल्याला काही करताही येतं.

रांग म्हणजे कुठली रांग? आणि ती कशी ओळखायची?

पहिली रांग तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये असते. एक उदाहरण घेऊ. तुम्ही दुपारी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला, ३०० एमबीचा. रात्री नऊला गेम सुरू केला आणि त्याच वेळी फोटोंच्या बॅकअपने तो व्हिडिओ वर चढवायला घेतला. त्या वेळी टॉवरवर गर्दी आहे, तुम्हाला अपलोडला ४ एमबीपीएस मिळताहेत. ३०० एमबी म्हणजे २४०० मेगाबिट, म्हणजे बॅकअप दहा मिनिटं चालणार.

डेटा हवेत जाण्याआधी फोनच्या मोडेममध्ये एका बफरमध्ये थांबतो. तो बफर १ एमबीचा धरू. बॅकअपचा प्रोग्राम मागून डेटा ढकलतच राहतो, त्यामुळे बफर भरलेलाच असतो. १ एमबी म्हणजे ८ मेगाबिट. ते ४ एमबीपीएसने रिकामे व्हायला २ सेकंद लागतात. तुमच्या गोळीचं शंभर-दोनशे बाईटचं पाकीट या सगळ्याच्या शेपटीला जाऊन उभं राहतं. साखर कारखान्याच्या काट्यापुढे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे एखादी मोटरसायकल अडकावी, तसं. पिंग २००० च्या घरात जातो. डाउनलोड स्पीड तेव्हाही १५० असू शकतो.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. संगणक तज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हे नाव रूढ केलं. पाकिटं गळू नयेत म्हणून बनवणाऱ्यांनी बफर मोठे केले. फाईल पाठवणाऱ्या प्रोग्रामला मात्र पाकीट गळेपर्यंत बहुधा कळतच नाही की लाईन भरली आहे. बफर मोठा, म्हणून पाकीट गळत नाही. गळत नाही, म्हणून प्रोग्राम आणखी डेटा ओततो.

ओळखणं सोपं आहे. स्पीडटेस्टच्या ॲपमध्ये पिंगचे तीन आकडे येतात: लाईन रिकामी असताना, डाउनलोड चालू असताना आणि अपलोड चालू असताना. बहुतेक लोक फक्त पहिला बघतात. समजा आकडे ३८, २१० आणि ९०० असे आले, तर तुमचं नेट रिकामं असताना चांगलं आहे, पण अपलोड सुरू झालं की गेम संपला. उपाय त्यातूनच निघतो. फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप फक्त वायफायवर चालेल असं सेटिंग करा, प्ले स्टोअरचे आपोआप होणारे अपडेट मोबाईल डेटावर बंद ठेवा आणि खेळताना हॉटस्पॉट चालू ठेवू नका. धाकट्या भावाने हॉटस्पॉटवरून रील चढवायला घेतली तरी रांग तुमच्याच फोनमध्ये लागते.

दुसरी रांग टॉवरवर असते, तुमच्याकडे येणाऱ्या डेटाची. तिथे सहसा प्रत्येक ग्राहकाची रांग वेगळी ठेवलेली असते. शेजाऱ्याचा सिनेमा तुमच्या रांगेत शिरत नाही, पण पाळ्या सगळ्यांत वाटल्या जातात. रात्री आठ ते अकरा अख्खी गल्ली फोनवर असते, तेव्हा तुमची पाळी उशिरा येते. त्याला फोनमधलं कुठलंही सेटिंग पुरं पडत नाही.

पॅकेट लॉस ० टक्के दाखवतो, तरी लॅग आहे. असं कसं?

मोबाईल नेटवर्कची ही खास लबाडी आहे. हवेत पाकिटं सतत खराब होतात, पण टॉवर आणि फोन ती आपसांत पुन्हा पुन्हा पाठवून शेवटी पोचवतातच. वरच्या ॲपला गळती दिसत नाही, दिसतो फक्त उशीर. शिवाय पाकिटं क्रमाने द्यायची असा नियम बहुधा असतो. एक अडकलं की त्याच्या मागची चांगली पोचलेली पाकिटंही रोखून धरली जातात आणि मग सगळी एकदम सोडली जातात. स्क्रीनवर दिसतं ते हेच: क्षणभर सगळं थिजतं, मग सगळे खेळाडू एका दमात पळतात.

जलद हालचालींचे गेम यूडीपी नावाच्या पद्धतीने पाकिटं पाठवतात. यात हरवलेलं पाकीट परत मागत बसत नाहीत, कारण अर्ध्या सेकंदापूर्वी शत्रू कुठे होता याला आता किंमत नाही. त्याच न्यायाने फार उशिरा आलेलं पाकीटही गेमच्या लेखी हरवलेलंच. म्हणून लॉस शून्य असला तरी खेळणाऱ्याला तो जाणवतो.

खरी गळती दिसते ती बफर ओसंडल्यावर, किंवा सिग्नल तुटून फोनला टॉवरशी नव्याने जोडणी करावी लागल्यावर. एखाद-दुसरं पाकीट इथे-तिथे गळालं तर गेम सांभाळून घेतो. लागोपाठ दहा गळाली तर टक्केवारी तितकीच छोटी दिसते, पण नेमका त्याच क्षणी तुम्ही मरता.

हे घरच्या घरी मोजता येईल का?

येईल. अँड्रॉइडवर टर्मक्स हे ॲप टाका आणि ही आज्ञा द्या. वीस सेकंदांत शंभर पाकिटं जातात.

```
ping -c 100 -i 0.2 8.8.8.8
```

शेवटच्या ओळी साधारण अशा येतात:

```
100 packets transmitted, 99 received, 1% packet loss
rtt min/avg/max/mdev = 34.1/61.7/488.2/72.5 ms
```

इथे सर्वात कमी ३४, सरासरी ६२. एवढंच वाचलं तर नेट झकास वाटेल. पण max ४८८ आहे, आणि पाकिटांचे आकडे सरासरीपासून किती भरकटतात ते सांगणारा mdev ७२ आहे. या लाईनवर गेम नीट चालणार नाही. mdev दहाच्या आत असेल तर बेलाशक खेळा.

पहिल्या पाकिटाचा आकडा मोठा आला तर तो सोडून द्या. काही सेकंद काम नसलं की फोनचं रेडिओ बॅटरी वाचवायला झोपतं आणि त्याला उठायला वेळ लागतो. गेम चालू असताना ते झोपत नाही.

ही चाचणी गूगलच्या सर्व्हरपर्यंतची आहे, गेमच्या सर्व्हरपर्यंतची नाही. तरीही तिचा उपयोग आहे. इथले आकडे स्थिर असतील आणि गेममधला पिंग चढलेला असेल, तर दोष पुढच्या वाटेत किंवा गेमच्या सर्व्हरवर आहे. दोन्हीकडे उड्या दिसत असतील तर तो बहुतेक तुमच्या आणि टॉवरच्या मध्येच आहे.

सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसतात, तरीही?

काड्या सिग्नलचा जोर दाखवतात. टॉवरवर किती गर्दी आहे आणि सिग्नलमध्ये गोंगाट किती आहे, हे त्यात नसतं. उंच इमारतीत बाराव्या-पंधराव्या मजल्यावर काड्या भरपूर असूनही गेम अडखळतो, कारण तिथे फोनला चारी दिशांचे टॉवर ऐकू येतात. ते एकमेकांच्या सिग्नलमध्ये मिसळतात आणि फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर फिरत राहतो. बाल्कनीऐवजी आतल्या खोलीत बसून बघा. एरवीच्या सल्ल्याच्या हे उलट आहे, पण अशा ठिकाणी चालून जातं.

५जी घेतलं की पिंग उतरेल ना?

उतरेलच असं नाही. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं तेव्हा जिओने स्वतंत्र ५जी गाभा, म्हणजे टॉवरांमागची मुख्य यंत्रणा, उभारला, तर एअरटेलने ४जीच्या आधाराने चालणारी पद्धत निवडली. या दुसऱ्या पद्धतीत जोडणीची सूत्रं ४जीकडेच राहतात. '१ मिलिसेकंद' हा जाहिरातीतला आकडा फक्त हवेतल्या टप्प्याचा, आणि तोही खास मांडणी केली तरच. रांगा ५जीवरही लागतात.

खरा त्रास ५जीच्या कडेवर होतो. फोन ५जी पकडतो, सोडतो, ४जीवर येतो, पुन्हा ५जी पकडतो. दर वेळी पिंग उडी मारतो. त्याच जागी बसून एकदा ५जीवर आणि एकदा सेटिंगमध्ये ४जी निवडून वरची चाचणी करा. ज्याचा max आणि mdev कमी, त्यावर खेळा. स्पीड कितीही कमी दिसला तरी.

दुसऱ्या सिमवर कॉल आला की गेम थिजतो. आणि कॉल मात्र स्वच्छ ऐकू येतो!

बऱ्याचशा दोन सिमच्या फोनमध्ये रेडिओ एकच असतं आणि दोन्ही सिम ते वाटून घेतात. दुसऱ्या सिमवर बोलणं सुरू झालं की डेटाचं सिम थांबतं. कॉल नसतानाही दुसऱ्या सिमसाठी कोणी बोलावतंय का, हे बघायला रेडिओ अधूनमधून तिकडे डोकावतं. काही फोनमध्ये तेवढ्यानेही पिंग क्षणभर चढतो. मॅच महत्त्वाची असेल तर दुसरं सिम तात्पुरतं बंद करा.

कॉल स्वच्छ असतो, कारण ४जीवरच्या कॉलला नेटवर्क वेगळी राखीव वाट देतं. गेमचा डेटा रील आणि बॅकअपबरोबर सामान्य डब्यात असतो.

पिंग बूस्टर, गेमिंग व्हीपीएन, डीएनएस बदलणं, यांचा उपयोग?

डीएनएस फक्त सर्व्हरचा पत्ता शोधून देतो. तो मॅच जोडली जाण्यापूर्वी एकदा लागतो, नंतर त्याचा पिंगशी संबंध नाही. व्हीपीएन तुमचा डेटा आधी स्वतःच्या सर्व्हरवरून फिरवतो, त्यामुळे वाट सहसा लांबते. कंपनीने दूरची वाट निवडली असेल तर क्वचित फायदा होतो, म्हणून चालू आणि बंद ठेवून मोजा. बूस्टर ॲप मागची ॲप बंद करतात, त्यात बॅकअप थांबला तर फरक पडतो. ते फुकटात स्वतःही करता येतं.

लॅग नेटचा आहे की फोनचा?

पिंग ४०-५० वर स्थिर आहे, पण बंदूक फिरवताना चित्रच धक्के खात सरकतं आणि फोनची पाठ तापलीय, तर फोन. ग्राफिक्स कमी करा, चार्जिंग काढा. चित्र गुळगुळीत आहे, फक्त शत्रू उड्या मारताहेत, तर नेट.

कंपनीकडे तक्रार करताना काय सांगावं?

'नेट स्लो आहे' असं सांगू नका. ते स्पीड टेस्ट करायला सांगतील, १५० चा आकडा येईल आणि तक्रार बंद होईल. त्याऐवजी एकाच जागेवरून दुपारी तीनला आणि रात्री दहाला ping च्या शेवटच्या ओळींचे स्क्रीनशॉट घ्या, बॅकअप वगैरे बंद ठेवून. शक्य असेल तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनवरही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये `*#*#4636#*#*` दाबल्यावर नेटवर्कची माहिती उघडते, तीही जोडा. दुपारी mdev ६ आणि रात्री ९० असेल, आणि दोन्ही फोनवर तेच असेल, तर टॉवरवरच्या गर्दीचा हा पुरेसा पुरावा आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. उत्तर पटलं नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं.

टॉवरची क्षमता वाढायला महिने लागू शकतात. तोवर मित्राचं दुसऱ्या कंपनीचं सिम मागून घ्या, रात्री दहाला तीच आज्ञा चालवा आणि मगच पोर्टिंगचा विचार करा.